मालकी कोणाला, खुर्ची कोणाला: घरच्या कारखान्याचा वारसा दोन कागदांवर मांडताना

घरच्या धंद्याच्या बिझनेस प्लॅनमध्ये ‘उत्तराधिकार’ या मथळ्याखाली बहुधा एकच ओळ असते: ‘पुढे थोरला मुलगा कारभार पाहील.’ या ओळीत दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले आहेत. कारखाना रोज कोण चालवणार, हा एक. कारखान्याची किंमत, नफा आणि तो विकायचा की नाही हे ठरवायचा हक्क कोणाचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कर्तबगारीवर ठरतं, दुसऱ्याचं नात्यावर आणि कायद्यावर. दोन्ही एकाच वाक्यात उरकली की थोरला समजतो कारखाना आपला झाला, धाकटी भावंडं समजतात की तो फक्त सांभाळतोय, आणि हा फरक वडिलांच्या तेराव्यानंतर उघड होतो.

इथे एक नमुना घेऊन सगळी आकडेमोड करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यात असे कारखाने शेकड्याने सापडतील. कास्टिंगचं मशिनिंग करणारी एक खासगी मर्यादित कंपनी. उलाढाल 12 कोटी. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा वर्षाला दीड कोटी. वडील 66 वर्षांचे, त्यांच्याकडे 70 टक्के शेअर, आईकडे 30 टक्के. थोरला मुलगा 14 वर्षं शॉपफ्लोअरवर. मुलगी लग्न होऊन पुण्यात, स्वतःची नोकरी. धाकटा बंगळुरूला, धंद्यात यायची इच्छा नाही. आणि वडिलांची 88 वर्षांची आई, म्हणजे मुलांची आजी, घरात आहे. आजीकडे लक्ष असू द्या, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

आधी काहीच न केल्यास काय होईल ते लिहा

योजना लिहिण्याआधी हा कागद करावा. यानेच घरातली माणसं बोलायला तयार होतात.

वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे वारस पत्नी, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांचा वाटा सारखा. म्हणजे 70 टक्क्यांचे पाच भाग, प्रत्येकी 14. आईकडे स्वतःचे 30 धरून 44 टक्के होतात. थोरल्याकडे, ज्याने 14 वर्षं तिथे काढली, 14 टक्के. आजीकडेही 14 टक्के. आजी मृत्युपत्राशिवाय गेली की तिचा वाटा तिच्या सगळ्या मुलामुलींकडे आणि आधी वारलेल्या मुलांच्या मुलांकडे जातो. म्हणजे ज्या काकांनी आणि आत्यांनी कारखान्यात कधी पाऊलही ठेवलं नाही, ते भागधारक होतात. यात कोणाचीच लबाडी नाही. कागद केला नाही, एवढंच.

आता संचालकपदाकडे पाहा. कंपनीत संचालकाला साध्या ठरावाने, म्हणजे निम्म्याहून जास्त मतांनी, पदावरून काढता येतं. 14 टक्केवाला थोरला ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ असला तरी त्याची खुर्ची इतरांच्या मर्जीवर उभी आहे. उलट बाजूने, बाकीच्यांनी त्याला हात लावला नाही तर तो पगार वाढवून नफा शून्यावर आणू शकतो आणि त्यांच्या हाती शेअरचा नुसता कागद राहतो. योजनेला ही दोन्ही टोकं बंद करायची आहेत.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘मुलीकडून हक्कसोड घेतलेली आहे’ असं पुष्कळ घरांत सांगतात. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर मुलीचा हक्क जन्मलेलाच नसतो. जन्म न झालेला हक्क सोडता येत नाही, म्हणून तो कागद नंतर फारसा टिकत नाही. मालमत्ता वडिलोपार्जित किंवा एकत्र कुटुंबाची असेल तर हिशेब निराळा. तिथे 2005 च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मानेच सहदायाद आहे, आणि वडिलांना आपल्या वाट्यापलीकडचं मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून शेअरचा पैसा कुठून आला होता, हे जुन्या बँक नोंदींवरून तपासावं.

कोणत्या वस्तू कोणाच्या नावावर आहेत

‘कारखाना’ म्हणून आपण जे दाखवतो ते कायद्याच्या नजरेत बहुधा तीन-चार निरनिराळ्या खिशांत असतं. नमुन्यात असं आहे. कंपनीचे शेअर आईवडिलांच्या नावावर. कारखान्याखालची बिनशेती जागा, किंमत अडीच कोटी, कंपनीच्या नव्हे तर वडिलांच्या स्वतःच्या नावावर, आणि कंपनी त्यांना भाडं देते, तेही तोंडी ठरलेलं. शिवाय वडिलांनी वेळोवेळी कंपनीत घातलेले 60 लाख ताळेबंदात ‘संचालकांकडून कर्ज’ म्हणून पडून आहेत. बँकेचं कर्ज 1 कोटी 40 लाख, त्याला वडिलांची वैयक्तिक हमी आणि तीच जागा तारण.

हे चारही खिसे वेगवेगळ्या वाटांनी वारसांकडे जातात. शेअर थोरल्याला दिले आणि जागेबद्दल काहीच लिहिलं नाही, तर जागा पाच वारसांत जाईल आणि थोरला स्वतःच्या नात्यातल्या चार घरमालकांचा भाडेकरू होईल. म्हणून सदस्य नोंदवही, शेअर सर्टिफिकेट किंवा डीमॅट खातं, जागेचे उतारे, ताळेबंदातली संचालकांची कर्जं, बँकेचं मंजुरीपत्र आणि ट्रेडमार्क असल्यास त्याची नोंदणी, एवढं टेबलावर ठेवूनच पुढे जावं. जागा एमआयडीसीची असेल तर ती भाडेपट्ट्यावरची असते. हस्तांतराला महामंडळाची आधी परवानगी आणि शुल्क लागतं, त्याची चौकशी आजच करावी. छोट्या कंपनीच्या व्याख्येत न बसणाऱ्या खासगी कंपनीला शेअर डीमॅट केल्याशिवाय हस्तांतर करता येत नाही. हे काम वाटतं त्यापेक्षा जास्त महिने खातं.

आता शेअरची किंमत. असा कारखाना विकत घेणारा साधारण दीड कोटीच्या नफ्याची काही पट देईल. आपण चार पट धरू, म्हणजे 6 कोटी. त्यातून बँकेचं 1.40 कोटी आणि वडिलांचं 60 लाखांचं कर्ज वजा केलं की शेअरची किंमत 4 कोटी उरते. चार पट हा नियम नव्हे. एकाच गिऱ्हाइकावर निम्मी उलाढाल असेल तर पट खाली येते. कुटुंबाने कोणती पट मान्य केली, ते कागदावर असणं महत्त्वाचं.

पहिला कागद: कारभार

हा कागद मालकीच्या आधी करावा असं आमचं ठाम मत आहे. पगार ठरल्याशिवाय नफा कळत नाही, आणि नफा कळल्याशिवाय मालकीची किंमत ठरत नाही.

पहिली ओळ पगाराची. नमुन्यात थोरला महिना 40 हजार ‘घेतो’. गाडी, मुलांची शाळा, घरचा किराणा कंपनीतून जातो. या पद्धतीत दोन बाजू मनात वेगवेगळा हिशेब ठेवतात. थोरल्याला वाटतं, मी 14 वर्षं कमी पगारात राबलो, तेव्हा कारखाना मला मिळायला हवा. भावंडांना वाटतं, सगळं घर कंपनीवर चाललं, आता आणखी काय हवं? उपाय रुक्ष आहे: याच कामाला बाहेरून जनरल मॅनेजर आणला तर त्याला किती द्यावे लागतील, तो आकडा पगार. समजा महिना दीड लाख. घरखर्च कंपनीतून पूर्ण बंद. मागच्या 14 वर्षांच्या कमी पगाराची भरपाई द्यायची असेल तर ती एकदा, आकड्यात, सर्वांसमोर ठरवावी, आणि तो विषय कायमचा मिटवावा. ती न ठरवता शेअरच्या टक्केवारीत ‘थोडं जास्त’ म्हणून लपवली, तर ती कधीच फिटत नाही.

दुसरी ओळ अधिकाराची, आणि ती रुपयांत लिहावी. कच्चा माल आणि दुरुस्ती अमर्याद, पण मंजूर बजेटच्या आत. एका मशीनची खरेदी 10 लाखांपर्यंत थोरला एकटा. त्यापुढे 50 लाखांपर्यंत संचालक मंडळ. 50 लाखांवर, किंवा नवीन कर्ज, किंवा घरातल्या माणसाला नोकरी, हे भागधारकांपुढे. शेवटची बाब हलकी समजू नका. सुनेला ‘अकाउंट्स पाहायला’ आणणं हा व्यवस्थापनाचा निर्णय वाटतो, पण त्याचा परिणाम मालकीवर होतो.

तिसरी ओळ वेळापत्रकाची. सगळं एका दसऱ्याला सोपवलं की ते सोपवलं जातच नाही. 36 महिने घ्या. पहिल्या सहा महिन्यांत खरेदी आणि उत्पादन, जे बहुधा थोरला आधीच पाहतो. पुढच्या सहा महिन्यांत विक्रीचे दर आणि मोठी गिऱ्हाइकं. तिथे वडिलांनी थोरल्याला सोबत नेऊन स्वतः सांगायचं की दरावर यापुढे हाच बोलेल. दुसऱ्या वर्षी बँक: चेकवर आधी दोघांची सही, मग ठरावीक रकमेपर्यंत थोरल्याची एकट्याची. तिसऱ्या वर्षी वडील मॅनेजिंग डायरेक्टर राहत नाहीत, अध्यक्ष म्हणून राहतात, आणि महिन्यातून एक ठरलेली बैठक घेतात. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतातच, तेव्हा दुसरा कोण हे आधी ठरलेलं हवं. कारखान्याच्या परवान्यावर ‘ऑक्युपायर’ म्हणून वडिलांचं नाव असेल तर तेही बदला. अपघात झाला तर पहिला प्रश्न त्या नावाला विचारला जातो, मग तो माणूस घरी बसून पेपर वाचत असला तरी.

सोपवणं खरं झालं की नाही हे फोरमनकडून कळतं. थोरला म्हणाला, ‘दोन नंबरच्या लेथवरचं काम थांबवा, आधी हे जॉब काढा,’ आणि फोरमनने विचारलं, ‘आबांना सांगितलंय का?’, तर कागदावर काहीही असो, कारखाना अजून आबाच चालवतात. बहुतेक वेळा याला आबाच जबाबदार असतात. कोणी तक्रार घेऊन आलं की ते निकाल देऊन मोकळे होतात. त्यांनी ‘त्याला विचार’ एवढे दोनच शब्द म्हणायचे, आणि चुकीचा वाटला तरी तो निर्णय कामगारांसमोर फिरवायचा नाही. बोलायचं ते महिन्याच्या बैठकीत. शॉपफ्लोअर दिसणारी केबिन सोडून ऑफिसच्या वरच्या मजल्यावर बसणं क्षुल्लक वाटेल, पण कोणत्याही ठरावापेक्षा ते जास्त काम करतं.

दुसरा कागद: मालकी

इथे ‘समान’ आणि ‘न्याय्य’ यांत गोंधळ होतो. तिघांना 33-33 टक्के दिले तर ते समान आहे, पण थोरला कायम अल्पमतात. सगळं थोरल्याला दिलं तर दोघांना आयुष्यभराची सल. मधली वाट अशी: कंपनीत बहुमत चालवणाऱ्याकडे, आणि तफावत कंपनीबाहेरच्या मालमत्तेतून भरून काढायची.

नमुन्यात शेवटी पोहोचायचं आहे ते 52, 24, 24 वर. चार कोटींपैकी थोरल्याचे 2 कोटी 8 लाख, बाकी दोघांचे 96-96 लाख. अडीच कोटींची जागा मुलगी आणि धाकटा यांच्यात निम्मी-निम्मी, म्हणजे प्रत्येकी सव्वा कोटी. त्यांची बेरीज 2 कोटी 21 लाख होते. आकड्यात ते थोरल्यापेक्षा थोडे पुढे आहेत, आणि ते तसंच असावं. 24 टक्के शेअर बाजारात विकता येत नाहीत, त्यांच्या जोरावर कोणाला पदावरून काढता येत नाही, म्हणून त्यांची खरी किंमत गणितापेक्षा कमी असते. बहुमतालाच वेगळं मोल आहे, आणि ते थोरल्याला मिळालेलं आहे.

पण हे आज एका सहीत करायचं नाही. बक्षीसपत्र परत घेता येत नाही, मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. म्हणून थोडं आज, उरलेलं मृत्युपत्राने. वडिलांनी आपल्या 70 पैकी 44 टक्के आता बक्षीस द्यावेत: थोरल्याला 26, मुलीला 9, धाकट्याला 9. स्वतःकडे 26 ठेवावेत. आकडा 26 का? नियमावली बदलणं, भांडवल कमी करणं अशा गोष्टींना विशेष ठराव, म्हणजे 75 टक्के मतं लागतात. ज्याच्याकडे पंचवीसहून जास्त आहेत, तो एकटा असा ठराव अडवू शकतो. वडील कारभारातून बाहेर असले तरी मूलभूत बदलांवर त्यांचा हात राहतो. त्यांच्या मृत्युपत्रात हे 26 थोरल्याला आणि जागा मुलीला व धाकट्याला, आणि आईच्या मृत्युपत्रात तिचे 30 मुलीला आणि धाकट्याला 15-15. दोन्ही मिळून 52, 24, 24 होतात. आजीचा वाटाही उरत नाही, कारण मृत्युपत्रात जे लिहिलेलं असतं त्याला वारसाहक्काची वाटणी लागू होत नाही. यात एक कच्चा दुवा आहे: आईला आपलं मृत्युपत्र कधीही बदलायचा अधिकार आहे. तो तिचाच आहे, आणि त्यावर गुपचूप कुलूप लावायचा प्रयत्न करू नये.

करांबाबत तीन गोष्टी. वडिलांनी मुलांना बक्षीस दिलेल्या शेअरवर देणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर नाही आणि घेणाऱ्यालाही उत्पन्न धरत नाहीत, मात्र मूळ खरेदी किंमत पुढे सरकते आणि विकताना तिथून नफा मोजतात. दुसरी गोष्ट, नात्याची दिशा. काकाने पुतण्याला दिलेलं करमुक्त आहे, पण पुतण्याने काकाला दिलेलं नाही, कारण कायद्यातल्या ‘नातेवाईक’ यादीत पुतण्या नाही. चुलतभावंडंही नाहीत. दोन भावांच्या कंपनीत शेअर फिरवताना इथेच फसतात. तिसरी, सुनेच्या किंवा पत्नीच्या नावावर शेअर बक्षीस दिले तर त्यावरचा लाभांश देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो.

आणि आईवडिलांच्या खर्चाचं काय? सगळं वाटून मुलाकडे औषधाचे पैसे मागायची वेळ अनेकांवर येते. नमुन्यात उत्तर हाताशीच आहे. 60 लाखांचं कर्ज कंपनीने महिना 1 लाखाने 60 महिन्यांत परत करावं. ती मुद्दल असल्याने वडिलांवर कर नाही, आणि कंपनीच्या ताळेबंदातला एक घोळही संपतो. जागेचं भाडं हयातीत त्यांचंच. त्याउपर सांभाळाच्या अपेक्षेने काही बक्षीस देत असाल तर ती अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली अट मोडल्यावर बक्षीस रद्द करता येतं, पण अट कागदावर असेल तर ते सोपं जातं.

जागा आणि बँक, दोन काटे

जागा पुढे भावंडांकडे जाणार, तेव्हा वडील हयात असतानाच त्यांनी आणि कंपनीने नोंदणीकृत भाडेपट्टा करावा. तो नंतरच्या मालकांवरही बंधनकारक राहतो. मुदत किती? महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क मुदतीवर चढतं: पाच ते दहा वर्षांच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने, दहा ते एकोणतीस वर्षांना 50 टक्क्यांवर. नूतनीकरणाचं कलम असेल तर तीही मुदत धरतात. अडीच कोटींच्या जागेला दहा वर्षांच्या पट्ट्यासाठी शुल्काची रक्कम साडेबासष्ट लाखांवर मोजली जाईल, पंधरा वर्षांसाठी सव्वा कोटीवर. कारखान्याला खरोखर किती वर्षांची खात्री हवी ते पाहून ठरवा. भाडं बाजारदराने ठेवा, दर तीन वर्षांनी ठरलेली वाढ, आणि विकायची झाल्यास पहिला हक्क कंपनीचा.

बँक हा मोठा काटा. वडील निवृत्त झाले तरी त्यांची वैयक्तिक हमी आपोआप संपत नाही. बँक लेखी मुक्त करेपर्यंत ती उभीच असते. बहुतेक मंजुरीपत्रांत भागधारणा किंवा व्यवस्थापन बदलण्याआधी बँकेची संमती लागते असं कलमही असतं, म्हणून बक्षीसपत्रावर सही करण्याआधी शाखेला पत्र द्यावं. बँक म्हणेल, थोरल्याची हमी द्या आणि जागेचं तारण तसंच ठेवा. पण उद्या ती जागा मुलीची आणि धाकट्याची आहे! म्हणजे भाऊ कर्ज काढणार आणि बहिणीची मिळकत पणाला लागणार. हे त्यांना आधी कळलंच पाहिजे. तारणाची कमाल रक्कम आजच्या 1.40 कोटींवर गोठवावी, वाढवायला दोघांची लेखी संमती, आणि तीन-चार वर्षांत कर्ज मशीनरी आणि गिऱ्हाइकांकडच्या येण्यावर हलवून जागा मोकळी करण्याची तारीख लिहावी.

कुटुंबाचा करार पुरत नाही

घरात बसून पाच जणांनी सही केलेला छान करार असतो. मग एक भाऊ बाहेरच्याला शेअर विकतो आणि कळतं की कंपनीवर तो करार बंधनकारकच नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्ही. बी. रंगराज विरुद्ध व्ही. बी. गोपालकृष्णन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर याच जातीचा प्रसंग होता. दोन भावांच्या कंपनीत 50 शेअर, प्रत्येकी 25, आणि दोन्ही शाखांकडे कायम सारखेच राहतील असं आपसात ठरलेलं. एका शाखेतल्या मुलाने आपले शेअर दुसऱ्या शाखेला विकले. न्यायालयाने म्हटलं, हे बंधन कंपनीच्या नियमावलीत नाही, तेव्हा ते कंपनीवर किंवा भागधारकांवर लागू होत नाही.

म्हणून कुटुंबाच्या कराराचा गाभा आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, म्हणजे याच नियमावलीत, गेला पाहिजे. विशेष ठराव करून दुरुस्ती, आणि 30 दिवसांत एमजीटी-14 हा फॉर्म. काय घालायचं? शेअर विकायचे तर आधी कुटुंबाला देऊ करायचे. किंमत ठरवायचं सूत्र: व्याज, कर आणि घसाऱ्याआधीच्या नफ्याच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरीची चार पट, वजा कर्ज. जागा विकणं, कंपनी विकणं, संचालकांच्या नातेवाइकांशी मोठा व्यवहार, यांना तिन्ही शाखांची संमती. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण 52 आणि 24 मिळून 76 होतात. थोरला आणि एक भावंड एकत्र आले तर तिसऱ्याच्या विरोधात विशेष ठराव सहज होतो.

लाभांशाचं धोरणही तिथेच. करानंतरच्या नफ्याचा चौथा हिस्सा, बँकेचे हप्ते वेळेवर असतील तर, दरवर्षी वाटायचाच. नमुन्यात करानंतर 80 लाख उरतात असं धरा. 20 लाख लाभांश, त्यातून 24 टक्केवाल्याला 4 लाख 80 हजार. कारखान्यात पाऊल न ठेवणाऱ्या बहिणीला वर्षाला एवढी रक्कम खात्यात आली, तर ती ऑडिट रिपोर्ट एकदा वाचून फाईलला लावेल. शून्य आली तर ती वकील शोधेल.

बाहेर पडण्याचं कलम लिहिताना एक चूक हमखास होते. सूत्र लिहितात, पण पैसे कुठून येणार ते तपासत नाहीत. मुलीचे 24 टक्के म्हणजे 96 लाख. करारात ‘चौथाई रोख, बाकी तीन वर्षांत’ असं लिहिलं तर थोरल्याला आधी 24 लाख आणि मग वर्षाला 24 लाख द्यायचे. त्याचा लाभांश वर्षाला 10 लाख 40 हजार, तोही करपात्र. हे कलम पहिल्याच हप्त्याला मोडेल. मग मुदत सहा-सात वर्षं करा आणि उरलेल्या रकमेवर व्याज द्या, किंवा एकाच वेळी सगळे न घेता टप्प्याने घ्या, किंवा कंपनीनेच शेअर परत घेण्याची तरतूद ठेवा. ते कंपनीला भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या 25 टक्क्यांच्या मर्यादेत करता येतं, आणि त्याचा कर आधी सीएकडून तपासून घ्यावा लागतो.

मृत्युपत्र आणि नॉमिनेशन

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. साक्षीदार लाभार्थी नसावेत, आणि मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत. सत्तरीतल्या दोन मित्रांच्या सह्या घेतल्या तर नेमक्या वेळी साक्ष द्यायला कोणीच उरत नाही. कंपनीचे शेअर टक्केवारीत लिहावेत, संख्येत नको. बोनस शेअर निघाले की संख्या बदलते.

नॉमिनेशनबद्दल अजून गैरसमज आहे. शेअरवर थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं म्हणजे शेअर त्याचे झाले, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीने शेअर सांभाळतो. म्हणून मृत्युपत्रात एक आणि नॉमिनेशन फॉर्मवर दुसरं, असं ठेवू नका. बहुतेक घरांत पंधरा वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म कोणाला आठवत नाही. तो आज काढून पाहा.

कंपनी नसेल तर

हे सगळं शक्य झालं ते शेअर आणि संचालकपद कायद्यानेच वेगळे आहेत म्हणून. एकट्या मालकीच्या धंद्यात ते वेगळे करताच येत नाहीत. मालक गेला की जीएसटी नोंदणीही त्याच्याबरोबर जाते. वारसाला नवी घेऊन, जुन्या खात्यातलं शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 फॉर्मने आणावं लागतं. भागीदारीत, करारात उलट लिहिलेलं नसेल तर, एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. आणि भागीदार दोघेच असतील तर कलम लिहूनही उपयोग नाही, कारण एका माणसाची भागीदारी नसते. अशा पेढीने आधी तिसरा भागीदार घ्यावा किंवा कंपनी अथवा एलएलपीत रूपांतर करावं, आणि मग वरचे दोन कागद करायला बसावं.

सह्यांच्या आधी दोन तालमी

पहिली, वडिलांनी सलग 30 दिवस कारखान्यात जायचं नाही आणि फोन घ्यायचा नाही. मार्च सोडून कोणताही महिना चालेल. परतल्यावर कोणते निर्णय त्यांच्यासाठी खोळंबले होते, त्याची यादी करा. ती यादी म्हणजे कारभाराच्या कागदातली भोकं.

दुसरी, सगळ्यांना एका टेबलाशी बसवून दोन्ही कागद मोठ्याने वाचायचे. ‘आबा उद्या नसतील’ असं धरून प्रत्येकाने सांगायचं की परवा सकाळी आपल्याकडे काय आहे: किती टक्के, किती भाडं, कोणती सही, कोणती हमी. जावई आणि सून त्या खोलीत असावेत की नाही यावर मतभेद आहेत. आमच्या मते असावेत, बोलायला नव्हे, ऐकायला, कारण रात्री घरी गेल्यावर ते विचारणारच. प्रत्येकाचं उत्तर कागदाशी जुळलं की सह्या करा. जुळलं नाही, तर जिथे अडलं ते वाक्य परत लिहा.